लझान्या: फॉइलखाली किती वेळ, आणि कापायच्या आधी किती थांबायचं?

प्रश्न: आमचं गुहागरला छोटं होमस्टे आहे. २८ लिटरच्या ओटीजीत लझान्या करते. पाकिटावर २०० डिग्री, ३० मिनिटं असं लिहिलंय. तेवढं केलं की वरचं चीज करपतं, मधल्या शीट कडक राहतात, आणि कापायला गेलं की सगळं ताटभर पसरतं. फॉइल लावायचा का? किती वेळ? आणि ओव्हनमधून काढल्यावर किती थांबायचं? रात्री साडेआठला पाहुणे जेवायला बसतात.

उत्तर:

आधी आकडे देते. बिनउकडलेल्या शीट असतील तर १९० डिग्रीला फॉइल लावून ४० मिनिटं, फॉइल काढून १५ मिनिटं, आणि बाहेर काढल्यावर २० मिनिटं हात लावायचा नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींचं उत्तर या तीन टप्प्यांत आहे. पण नुसते आकडे पाळून भागणार नाही, कारण प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा असतो. म्हणून कुठल्या टप्प्यात आत काय चाललंय ते सांगते. मग घड्याळापेक्षा ट्रेकडे बघून ठरवता येईल. मी स्वतः वेंगुर्ल्यात पाहुण्यांचं जेवण आणि बेकिंगच्या ऑर्डरी सांभाळते, तेव्हा जे लिहितेय ते आपल्याकडच्या ओटीजीला आणि आपल्याकडच्या लाइटला धरून आहे.

पाकिटावरची वेळ बहुधा भिंतीतल्या मोठ्या ओव्हनला धरून असते. त्यात ट्रे मधोमध ठेवला तरी वरचा रॉड चांगला लांब राहतो. आपल्या २८ लिटरच्या डब्यात तोच रॉड चीजच्या डोक्यावर टांगलेला असतो. त्यामुळे वरून भाजणं दहा-बारा मिनिटांत उरकतं आणि मधल्या थराला अजून नीट धगही लागलेली नसते. त्यात ओटीजीचा डायल सांगतो तेवढंच तापमान आत असेल याची खात्री नाही. वीस-पंचवीस डिग्रींचा फरक अगदी सर्रास असतो. जाळीवर ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो घ्या. दुसरं काही नवीन घ्यायची गरज नाही. डायल १९०ला लावून वीस मिनिटांनी तो काय दाखवतो बघा आणि डायलवर खूण करून ठेवा. संध्याकाळी सगळीकडे पंप आणि एसी चालू झाले की व्होल्टेज पडतं आणि ओटीजी तापायला जास्त वेळ घेतो. म्हणून ही परीक्षा संध्याकाळीच करा, दुपारी नको.

आता पहिला टप्पा, फॉइलखालचा. याला मी भाजणं म्हणतच नाही, हे उकडणं आहे. कोरडी शीट शिजायला तिला पाणी लागतं आणि ते पाणी सॉसमधूनच यायचं असतं. साधारण आपल्या वजनाइतकं तरी पाणी ती पिते. फॉइल उघडा ठेवला तर तेच पाणी वाफ होऊन निघून जातं, शीट कोरडी राहते, कडा तर पापडासारख्या वाकतात. फॉइल घट्ट लावला की वाफ आतच फिरते आणि शीट सॉसमध्ये बसून शिजते. तुमच्या मधल्या शीट कडक राहतात त्याचं कारण जवळजवळ नक्की हेच. आच वाढवून हे सुटत नाही, कारण आतलं पाणी शंभर डिग्रीच्या वर जाणार नाही. २२० केलंत तरी मधली शीट लवकर शिजत नाही, फक्त कडेचा सॉस आटतो आणि ट्रेला चिकटतो.

म्हणून सॉस किती पातळ हवा हे शीटवर ठरतं. बिनउकडलेल्या शीट वापरताना टोमॅटोचा आणि पांढरा, दोन्ही सॉस तुम्हाला बरोबर वाटतात त्याहून थोडे सैल ठेवा. पांढरा सॉस चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतपत असावा, पडताना सलग धार पडावी. उकडलेल्या शीट असतील तर उलट. त्यांनी पाणी आधीच पिऊन घेतलेलं असतं, तेव्हा सॉस दाटच हवा, आणि फॉइलखाली २० ते २५ मिनिटं पुरतात. सैल सॉस आणि उकडलेल्या शीट ही जोडी जमवलीत तर कितीही थांबलात तरी ते पसरणारच.

कोकणात यात आणखी एक पाणी घुसतं, ते म्हणजे कोळंबीचं. पाहुण्यांना कोळंबीचा लझान्या हवा असतो आणि आपणही हौसेने घालतो. कच्ची कोळंबी थरात टाकली की ती चाळीस मिनिटं पाणी सोडत राहते, आणि शेवटी स्वतः रबरासारखी होते. सोललेली कोळंबी मीठ-हळद लावून मोठ्या आचेवर मिनिटभर परता, कडा गुलाबी झाल्या की बाहेर काढा, आणि कढईत राहिलेलं पाणी टोमॅटोच्या सॉसमध्ये घालून आटवा. चव तर त्या पाण्यातच असते. मग ही अर्धी कच्ची कोळंबी फक्त मधल्या थरात घाला, कारण तिथे धग सर्वांत उशिरा पोचते. मोठी टायगर कोळंबी यासाठी वाया घालवू नका, मध्यम आकाराची बरी. मशरूम, पालक, दुधी यांचंही तसंच आहे. आधी पाणी काढायचं, मग थरात.

फॉइल लावायची पण पद्धत आहे. चकचकीत बाजू आत की बाहेर याने काही फरक पडत नाही, त्यावर वाद घालू नका. फरक पडतो तो फॉइल अन्नाला टेकतो की नाही याने. टोमॅटो आंबट, सॉसमध्ये मीठ, असं अन्न फॉइलला लागून राहिलं की फॉइल काळवंडतो. तुम्ही स्टीलचा ट्रे वापरत असाल तर याहून जास्त होतं. स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि मधे खारट ओला सॉस, अशी एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि फॉइलला टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडतात. आदल्या रात्री स्टीलच्या ट्रेमध्ये लझान्या लावून, वर फॉइल घट्ट दाबून फ्रीजमध्ये ठेवलात तर सकाळी फॉइल उजेडात धरून बघा, जिथे टेकला तिथेच भोकं दिसतील आणि खाली चीजवर करडे ठिपके. उपाय सोपा आहे. वरच्या थरावर आधी बेकिंग पेपर ठेवा, त्यावर फॉइल, आणि फॉइल कडेने मुरडून घट्ट बसवा. काचेच्या ट्रेमध्ये ही भानगड होत नाही, पण पेपर तिथेही ठेवा. फॉइलचं टोक मात्र वर उभं राहून रॉडला लागणार नाही एवढं डोळ्यांत तेल घालून बघा. लहान ओटीजीत ते सहज लागतं.

आणि चीज? वरचं चीज आधी घालूच नका. फॉइलखाली जाताना सर्वांत वर फक्त पांढरा सॉस, तोही असा की शीटचा एकही कोपरा उघडा दिसता कामा नये. मोझरेला फॉइल काढल्यावर पसरायचं. मग ते फॉइलला चिकटून निघून येत नाही, आणि त्याला रॉडखाली पंचावन्न मिनिटं नाही, पंधराच मिनिटं मिळतात. तुमचं करपणं इथेच थांबेल. प्रोसेस्ड चीजचे क्यूब किसून घालणार असाल तर ते मोझरेलासारखं वितळून पसरत नाही आणि लवकर डागतं. मोझरेलात एखादा क्यूब चवीला मिसळा, नुसतं नको.

आता तुमच्या साडेआठच्या जेवणाचं गणित मांडते. ट्रे २० बाय २० सेंटीमीटरचा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, सहा जणांना पुरेल असा. चार थरांना नऊ-दहा कोरड्या शीट लागतील. पूर्ण शीट बसत नाही तिथे तोडून तुकडे लावा, पण एकमेकींवर फार चढवू नका. जिथे दोन शीट चढतात तिथेच कच्चं राहतं. टोमॅटो किलोभर घेऊन सॉस केलात तर तो आटून साधारण ६०० ग्रॅम उरावा. पांढऱ्या सॉसला ४० ग्रॅम बटर, ४० ग्रॅम मैदा आणि ७०० मिलिलिटर दूध. वर घालायला मोझरेला दीडशे ग्रॅम.

पावणेसातला दोन्ही सॉस गरम असतानाच थर लावायला घ्या. तळाला आधी टोमॅटो सॉसचा पातळ हात फिरवा, नाहीतर पहिली शीट कोरड्या ट्रेवर बसते आणि तशीच राहते. ट्रे काठोकाठ भरू नका, वर बोटभर जागा सोडा, नाहीतर उकळून सॉस खालच्या रॉडवर गळतो आणि घरभर धूर. सात वाजायच्या सुमारास ओटीजी १९०ला, दोन्ही रॉड चालू करून तापत ठेवा. पंखा असलेला ओटीजी असेल तर १७०. सव्वासातला फॉइल लावलेला ट्रे आत, जाळी मधल्यापेक्षा एक घर खाली. ट्रेच्या चारी बाजूंना दोन-तीन सेंटीमीटर मोकळी जागा हवी. ट्रे भिंतीला टेकला तर त्या बाजूला करपतं आणि दुसऱ्या बाजूला पोचत नाही.

पाच कमी आठला फॉइलचा एक कोपरा उचला. वाफ तोंडावर येते, तेव्हा कोपरा आपल्यापासून लांबचा उचला. बारीक सुरी मधोमध सरळ खाली घाला. ती शिजलेल्या पास्त्यातून जावी तशी प्रत्येक थरातून अलगद गेली पाहिजे. एखाद्या थराला अडून टक असं जाणवलं तर शीट शिजलेली नाही. मग कडेने तीन-चार चमचे कडकडीत गरम दूध सोडा, फॉइल परत लावा, आणि दहा मिनिटं द्या. याच्या उलट, कोपऱ्यांत पातळ पाणी सुटून बुडबुडत असेल तर चीज लगेच घालू नका, आधी सात-आठ मिनिटं तसंच उघडं ठेवून ते उडू द्या. सगळं बरोबर असेल तर चीज पसरा, ट्रे एक घर वर घ्या, आणि पंधरा मिनिटं. शेवटच्या पाच मिनिटांत ओटीजीसमोरून हलू नका. सोनेरी डाग पडायला लागले की काढायचं. प्रोब थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ डिग्रीच्या वर तापमान हवं. कोळंबी किंवा खिमा घातलेला असेल तर हे बघायला विसरू नका.

आठ दहाला ट्रे बाहेर. आणि आता तो टप्पा जो सगळे खातात, म्हणजे न थांबता कापतात.

ओव्हनमधून काढलेल्या ट्रेमध्ये आत सगळं अजून उकळतंय. पांढरा सॉस एवढा गरम असताना पातळच असतो. त्यातला मैदा पाणी धरून ठेवतो, पण थोडं निवल्याशिवाय दाट होत नाही. चीजचं तूप वर तरंगतंय, ते परत आत बसायचं असतं. आणि शीट अजून उरलंसुरलं पाणी ओढत असतात. या तिन्ही गोष्टी आपोआप होतात, त्यांना फक्त वेळ लागतो. तवशाचं धोंडस गरमागरम कापलं तर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे, इथेही तेच. दहा मिनिटांनी कापलात तर तुकडा उभा राहतो खरा, पण उचलताना थर एकमेकांवरून घसरतात. पंधरा मिनिटांनी बरं, वीसला चांगलं. तोवर तो खायला अजूनही छान गरम असतो, गार होईल ही भीती सोडा. भरलेल्या जाड ट्रेचं मधलं तापमान आपल्या हवेत वीस मिनिटांत काही फार उतरत नाही. बऱ्याचदा जिभेला चटका बसू नये म्हणूनच थांबावं लागतं.

थांबताना ट्रे जाळीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा. काचेचा असेल तर ओल्या ओट्यावर अजिबात नको, तडकतो. वर फॉइल घट्ट लावू नका. आपल्या दमट हवेत आधीच वरचा कुरकुरीतपणा टिकत नाही, त्यात फॉइलखाली वाफ साचून चीजवर थेंब पडतात आणि सगळं लिबलिबीत. पंख्याखाली ठेवायचाच असेल तर फॉइलचा तुकडा नुसता वर टेकवून ठेवा, कडा उघड्या. कापायची वेळ झाली का हे बघायला ट्रे एका बाजूला किंचित उचला. कोपऱ्यात पातळ सॉस धावत आला नाही की कापा. दातेरी सुरीने तळापर्यंत सरळ कापून, पातळ कालथ्याने आधी कोपऱ्याचा तुकडा उचला. पहिला तुकडा थोडा मोडतोच, तो वाढणाऱ्याचा.

पेने किंवा मॅकरोनीचा बेक्ड पास्ता करत असाल तर हेच सगळं थोडं सैल करून चालतं. पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं आधी उपसायचा, म्हणजे तो ओव्हनमध्ये सॉस पिऊन पूर्ण होतो. फॉइलखाली २० मिनिटं, उघडा १० ते १२, आणि थांबणं १० मिनिटं पुरे, कारण त्याचे तुकडे पाडायचे नसतात, चमच्याने वाढायचा असतो.

लाइट गेली तर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पावसाळ्यात विचारालच. घरचा इन्व्हर्टर ओटीजी ओढत नाही. फॉइलखालचा टप्पा चालू असताना गेली तर दार उघडू नका. दहा-पंधरा मिनिटांत आली तर तेवढाच वेळ पुढे वाढवायचा. नाही आली, आणि ट्रे धातूचा असेल, तर जाड बुडाच्या मोठ्या टोपात स्टँड ठेवून, वर झाकण घालून, मध्यम-मंद गॅसवर उरलेला वेळ काढता येतो. आपल्या आया-आज्या बिनओव्हनचा केक करायच्या तोच प्रकार. वरून रंग येणार नाही, पण शीट शिजतील. काचेचा ट्रे यात घालू नका. आणि अर्धा शिजलेला कोळंबीचा ट्रे लाइटची वाट बघत तासन्‌तास बाहेर ठेवू नका. दोन तासांच्या वर गेला तर तो वाढायचा नाही, टाकायचा.

पाहुण्यांची गर्दी असेल त्या दिवशी मी मात्र हे सगळं आदल्या दिवशीच उरकते. ट्रे पूर्ण भाजून, निववून, रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी गार लझान्या सुरीने विटेसारखा सरळ कापला जातो. तुकडे दुसऱ्या ट्रेमध्ये एकमेकांपासून थोडे लांब मांडायचे, प्रत्येकाच्या बाजूला चमचाभर टोमॅटो सॉस, वर फॉइल, १७० डिग्रीला २५ मिनिटं, शेवटची पाच मिनिटं उघडं. मधला तुकडा सुरीने टोचून सुरीचं टोक मनगटाला लावून बघा. चटका बसला तर तयार, कोमट लागलं तर अजून पाच-सात मिनिटं. यात परत २० मिनिटं थांबायची गरज नाही, कारण सॉस रात्रीच घट्ट झालेला असतो. पण न भाजलेला ट्रे फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी भाजणार असाल तर फॉइलखाली ४० नाही, ५५ ते ६० मिनिटं धरा. आणि काचेचा ट्रे असेल तर तो अर्धा-पाऊण तास बाहेर काढून ठेवा, फ्रीजमधून थेट तापलेल्या ओटीजीत घालू नका.